दात येतायत म्हणून ताप? आधी थर्मामीटर लावा

“दात येतायत, अंग गरम होणारच.” घरात वर्ष-दीड वर्षाचं मूल असलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. आजी म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात, कधी मेडिकलवालाही म्हणतो आणि सोबत हिरडीला लावायची एखादी ट्यूब काढून देतो. वाक्य अर्धं खरं आहे. दात येताना हिरडी दुखते, मूल किरकिरं होतं, अंग थोडं कोमट लागू शकतं. पण 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअसच्या वर जाणारा ताप दातामुळे येत नाही. त्याला दुसरं काहीतरी कारण असतं. ‘दात’ हे उत्तर आधीच तयार असलं की ते दुसरं कारण शोधायचं राहून जातं आणि नुकसान तिथेच होतं.

हा लेख मुख्यतः 1 ते 2 वर्षांच्या मुलांबद्दल आहे, कारण दाढा आणि सुळे याच काळात येतात आणि गोंधळही याच काळात जास्त होतो. घरात 3 महिन्यांहून लहान बाळ असेल तर मात्र पुढचं काहीच लागू नाही. त्या वयात 100.4 ताप दिसला की दिवस असो वा रात्र, लगेच डॉक्टरांकडे जायचं.

दात आणि ताप एकत्र का दिसतात

दुधाचे दात 20. पहिला साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास दिसतो आणि शेवटच्या दाढा अडीच वर्षांच्या सुमाराला येतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी 125 मुलांच्या पालकांकडून रोजच्या रोज नोंदी करून घेतल्या होत्या. 475 दातांच्या नोंदींचा तो अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की दाताचा त्रास 8 दिवसांत मावतो: दात वर दिसण्याआधीचे 4 दिवस, दात दिसतो तो दिवस आणि नंतरचे 3 दिवस.

आता हिशेब करा. 20 दात, प्रत्येकी 8 दिवस, म्हणजे 160 दिवस. काही दात जोडीने येतात, म्हणून थोडे कमी धरू. तरीही साधारण दोन वर्षांतले चार-पाच महिने मूल कुठल्या ना कुठल्या दाताच्या तडाख्यात असतं. त्यामुळे या वयात कधीही ताप आला तरी जवळपास एखादा दात सापडतोच. दात सापडला म्हणून तो तापाचं कारण ठरत नाही.

याच काळात दुसऱ्याही दोन गोष्टी घडत असतात. आईकडून जन्माच्या वेळी मिळालेली प्रतिकारशक्ती सहाव्या महिन्यापर्यंत बरीचशी ओसरते. आणि मूल रांगायला, चालायला लागतं, चप्पल, चावी, खेळणं, ताईचा पेन, जे दिसेल ते तोंडात घालतं. पाळणाघरात जात असेल तर प्रश्नच नाही. विषाणूंना याहून सोयीचं वय नाही.

त्या नोंदींमधून एक उपयोगी विभागणी हाती लागली. लाळ, चावणं, हिरडी चोळणं, किरकिर, कान चोळणं, हनुवटी-गालावर पुरळ, घट्ट खाण्याकडे पाठ आणि तापमानात किंचित वाढ, एवढ्या गोष्टी दाताशी जुळल्या. 102 च्या वरचा ताप, खोकला, चोंदलेलं नाक, उलट्या, पातळ शी आणि दूध-पाणी पिणं कमी होणं या गोष्टी जुळल्या नाहीत. 2016 साली आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्याचाही निष्कर्ष हाच होता: दात येताना तापमान थोडं वाढू शकतं, पण ते तापाच्या पातळीला जात नाही.

यातली पिण्याची गोष्ट घरात सगळ्यात जास्त कामाची आहे. दात येताना मूल पोळीचा तुकडा थुंकतं, वरण-भाताला तोंड फिरवतं, पण दूध किंवा पाणी मागतं. घोट घ्यायलाच तयार नसेल, पेला ओठाला लावला की रडत असेल, तर तो दात नाही. घसा, तोंडातले फोड किंवा एकंदर आजारपण, यातलं काहीतरी आहे असं धरून पुढे पाहायचं.

हात लावून ताप ठरत नाही

कपाळाला हात लावून ‘चटका बसतोय’ म्हणणं ही सुरुवात म्हणून ठीक आहे, पण निर्णय आकड्यावर घ्यायचा. साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. पाऱ्याचा घरात असेल तर तो मुलाजवळ वापरू नका. फुटला तर काच आणि पारा दोन्ही निस्तरावं लागतं. कपाळासमोर धरायची बंदूक झटपट आकडा देते, पण घाम, पंखा, उन्हातून आत येणं अशा गोष्टींनी तो आकडा हलतो. शंका असेल तर काखेत मोजून खात्री करा.

काखेत मोजायची पद्धत अशी. मूल नुकतंच आंघोळ करून आलं असेल, गोधडीत गुंडाळलेलं असेल किंवा रडून लाल झालं असेल तर 15 ते 20 मिनिटं थांबा. काख कोरडी पुसा. थर्मामीटरचं टोक काखेच्या मधोमध, थेट कातडीला टेकेल असं ठेवा, मध्ये झबल्याची बाही येऊ देऊ नका. मग मुलाचा हात त्याच्या अंगाशी दाबून त्याला मांडीवर घट्ट धरा आणि बीप वाजेपर्यंत हलू देऊ नका. टोक पुढे सरकून काखेबाहेर आलं की आकडा कमी दिसतो. चुळबुळ्या मुलांमध्ये चूक बहुतेक वेळा हीच होते.

काखेतलं तापमान शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा सुमारे अर्धा ते एक डिग्री फॅरनहाइट कमी येतं. पण मनाने एक डिग्री मिळवून डॉक्टरांना सांगू नका. जो आकडा दिसला तो सांगा आणि ‘काखेत’ हा शब्द जोडा.

काखेत 99.5 च्या खाली असेल आणि मूल पीत, खेळत असेल तर दाताला दोष द्यायला हरकत नाही. 99.5 ते 100.4 हा मधला पट्टा आहे. याला आपण कणकण म्हणतो. जादा कपडे काढा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, मग दर चार तासांनी. संसर्गाचा ताप चढताना याच पट्ट्यातून जातो, त्यामुळे दुपारची कणकण रात्री 102 होऊ शकते. आणि 100.4 च्या वर गेलं की दात हा विषय बाजूला ठेवायचा.

तोंडात बघायचं ते असं

दिवसाउजेडी, खिडकीपाशी, मुलाला एकाच्या मांडीवर आडवं घ्या आणि दुसऱ्याने मोबाइलचा टॉर्च धरा. रडायला तोंड उघडलं की तीन-चार सेकंद मिळतात, तेवढे पुरतात. त्यात हिरडी, जीभ आणि मागे टाळ्याकडे, अशी तीन ठिकाणं पाहायची.

दाताची हिरडी एकाच जागी फुगलेली असते. 13 ते 19 महिन्यांत पहिल्या दाढा येतात, त्या वेळी गालाच्या आतल्या बाजूला हिरडीवर रुंद, चपटा फुगवटा दिसतो. बोट फिरवलं तर खाली काहीतरी टणक लागतं. कधी तिथे निळसर-जांभळा फुगा दिसतो आणि घरचे घाबरतात. येणाऱ्या दातावर थोडं रक्त साठल्यामुळे तो होतो आणि दात वर आला की आपोआप फुटतो. टोचून फोडायचा नाही.

सगळी हिरडी लालभडक, सुजलेली, हात लावला की रक्त येणारी असेल आणि जिभेवर, ओठांच्या आत पांढरट-पिवळे व्रण असतील, तर तो बहुधा हर्पिस विषाणूचा तोंडाचा संसर्ग असतो. पहिल्यांदा होणारा हा संसर्ग बऱ्याचदा याच वयात दिसतो. ताप, भरपूर लाळ, किरकिर आणि खाणं बंद, अशी त्याची लक्षणं असल्यामुळे तो ‘दात’ म्हणून सहज खपून जातो. व्रण मागे, टाळ्याच्या आसपास असतील आणि तळहात, तळपाय किंवा ढुंगणावर पुटकुळ्या असतील तर हात-पाय-तोंडाचा विषाणूजन्य आजार असण्याची शक्यता मोठी. या दोन्हींत खरी भीती फोडांची नसते, मूल पीत नाही म्हणून अंगातलं पाणी कमी होण्याची असते.

कानाचंही एक सांगायला हवं. जबड्याची कळ कानाकडे जाते, त्यामुळे दाढा येताना मुलं कान ओढतात. नुसतं कान ओढणं म्हणजे कान फुटणार असं नाही. पण आधी चार-पाच दिवस सर्दी होती, आता ताप चढला आहे, आडवं केलं की जास्त रडतं आणि खांद्यावर उभं धरलं की शांत होतं, असं असेल तर डॉक्टरांनी कानात बघायलाच हवं.

एका आठवड्याचं उदाहरण

समजा, 14 महिन्यांचं, 10 किलो वजनाचं मूल आहे.

सोमवारी संध्याकाळी लाळ गळते आहे, झबलं तीनदा बदललं. खाली उजवीकडे दाढेच्या जागी हिरडी फुगली आहे. जेवण नको म्हणतं, पण दूध पितं. काखेत 99.3. हे दाताचं चित्र आहे. हात धुऊन स्वच्छ बोटाने हिरडी एक-दोन मिनिटं चोळायची किंवा फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नव्हे, गार केलेला भरीव रबरी टीदर चावायला द्यायचा. फडक्याचं टोक उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून, थंड करून दिलं तरी तेवढाच आराम मिळतो. हनुवटी कोरडी ठेवायची, लाळेचं पुरळ येत असेल तर पुसून थोडं व्हॅसलीन लावायचं.

मंगळवारी दुपारी 4 वाजता काखेत 102.6. सर्दी नाही, खोकला नाही. हिरडी कालच्यासारखीच फुगलेली आहे, तरीही आता दात हे उत्तर चालणार नाही. मूल दूध पितं आहे, शू नेहमीसारखी होते आहे, औषधानंतर ताप 101 वर आला की खेळण्याकडे हात करतं. म्हणजे धावत सुटायचं कारण नाही, पण घड्याळ सुरू झालं. वहीत किंवा मोबाइलमध्ये वेळ, तापमान, दिलेलं औषध आणि शू लिहायला सुरुवात करायची.

बुधवारी दुपारी 4 वाजता 103. ताप येऊन 24 तास झाले आणि कारण दिसत नाही. 2 वर्षांखालच्या मुलाला इथे डॉक्टरांकडे न्यायचं. ते कान, घसा, छाती, पोट, कातडी तपासतात. काहीच सापडलं नाही तर लघवीची तपासणी सांगू शकतात. पालकांना हे विचित्र वाटतं, कारण शू करताना मूल रडलेलं नसतं. पण या वयात मूत्रमार्गाचा संसर्ग बहुतेक वेळा फक्त तापाच्या रूपानेच दिसतो, विशेषतः मुलींमध्ये, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर मूत्रपिंडावर व्रण राहू शकतात. पावसाळा किंवा त्यानंतरचे दोन-तीन महिने असतील तर मलेरिया आणि डेंग्यूसाठी रक्तही तपासतात. आपल्याकडे या दिवसांत ‘दाताचा ताप’ म्हणून तीन दिवस घरी काढणं परवडणारं नाही.

आपल्या उदाहरणात लघवी आणि रक्त ठीक निघालं. शुक्रवारी सकाळी ताप एकदम उतरला, मूल उठून खेळायला लागलं आणि संध्याकाळी छाती-पोट-पाठीवर बारीक गुलाबी पुरळ उमटलं. हा रोझिओला, 6 महिने ते 2 वर्षांच्या मुलांमध्ये फार नेहमीचा विषाणूजन्य ताप. तीन ते पाच दिवस चढा ताप, तो उतरल्यावर पुरळ, आणि मग सगळं आपोआप बरं. त्याच शुक्रवारी दाढेचं टोकही हिरडीतून वर आलं. घरात एकमत झालं की ताप दाताचाच होता. ही समजूत पिढ्यान् पिढ्या टिकून आहे ती अशाच योगायोगांवर.

ताप उतरल्यावर मूल कसं आहे, याकडे नीट लक्ष द्या. रोझिओलात ताप गेला की मूल हसतं, खातं. डेंग्यूमध्ये बिघडण्याची वेळ बऱ्याचदा ताप उतरतानाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान येते. ताप उतरला पण मूल मलूल आहे, पोट दुखतंय म्हणून रडतं, पुन्हा पुन्हा उलट्या होतात, हातपाय गार पडलेत, शू कमी झाली, हिरडीतून किंवा नाकातून रक्त येतं, यातलं काहीही असेल तर त्याच वेळी रुग्णालय गाठायचं.

याच वयातला आणखी एक ताप लसीचा. गोवर-रुबेलाची लस 9 ते 12 महिन्यांत आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांत देतात. तिचा ताप त्याच रात्री येत नाही, तो साधारण 7 ते 12 दिवसांनी येतो, तोवर घरचे लस विसरलेले असतात. डॉक्टरांना फोन करायच्या आधी लसीकरणाचं कार्ड काढून शेवटची तारीख बघा.

पॅरासिटामॉल: बाटली एकसारखी, आतलं औषध नाही

मात्रा वजनावर ठरते, वयावर नाही. एका वेळी दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. दोन मात्रांमध्ये किमान 4 ते 6 तास, आणि 24 तासांत 4 पेक्षा जास्त वेळा नाही. 10 किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त 150 मिलिग्रॅम.

इथून पुढे घोटाळा सुरू होतो, कारण आपल्याकडे हे औषध तीन ताकदींत मिळतं. थेंबांच्या छोट्या बाटलीत 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असतं, म्हणजे 150 साठी 1.5 मिलिलिटर लागेल. साध्या सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 125 मिलिग्रॅम (काहींत 120) असतं, त्याचे साधारण 6 मिलिलिटर. ‘250’ लिहिलेल्या सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 250, त्याचे 3 मिलिलिटर. आता कुणी ‘मागच्या वेळी 6 मिलिलिटर दिलं होतं’ म्हणून थेंबांच्या बाटलीतून 6 मिलिलिटर दिलं, तर एका झटक्यात 600 मिलिग्रॅम पोटात गेलं. ती 10 किलोच्या मुलाची अख्ख्या दिवसाची कमाल मर्यादा आहे. वर तीच मात्रा पुन्हा दिली तर यकृतावर बेतू शकतं. बाटलीवरचा ‘मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर’ हा मजकूर दर वेळी वाचा, बाटलीसोबतचा ड्रॉपर किंवा सिरिंजच वापरा, स्वयंपाकघरातला चमचा नको. जास्त दिलं गेल्याचं लक्षात आलं तर त्रास दिसायची वाट न बघता रुग्णालयात जा आणि बाटली सोबत न्या. पहिल्या दिवशी मूल ठीकठाक दिसू शकतं.

सर्दीच्या अनेक औषधांतही पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. दोन्ही दिली की मात्रा दुप्पट होते. अशी मिश्रणं या वयाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊच नयेत.

औषध आकडा खाली आणायला द्यायचं नसतं, मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं असतं. 101 ताप आहे आणि मूल खेळतंय, तर घाई नाही. झोपलेल्या मुलाला औषधासाठी उठवू नका. औषधानंतर 102.6 चा 101 झाला तर औषध लागू पडलं, 98.6 व्हायलाच हवा असं नाही. हिरडीच्या दुखण्यालाही रात्री एखादी मात्रा देता येते, पण आधी तापमान मोजून लिहून ठेवा. एकदा औषध दिलं की पुढचे काही तास ताप होता की नव्हता हे कळत नाही.

आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अॅसिड घरात पडून असेल तर ते आपल्या मनाने देऊ नका. डेंग्यूची शक्यता असताना या औषधांनी रक्तस्राव वाढू शकतो. अॅस्पिरिन तर मुलांना नाहीच. अंग पुसायचं असेल तर कोमट पाण्याने. बर्फाच्या किंवा कोलन वॉटरच्या पट्ट्यांनी मूल कुडकुडतं आणि आतला ताप तसाच राहतो.

हिरडीला काय लावू नये

दुकानातल्या हिरडी बधिर करणाऱ्या जेलमध्ये बेंझोकेन असेल तर ती 2 वर्षांखाली वापरू नये. क्वचित, पण गंभीर असा परिणाम होऊन रक्ताची ऑक्सिजन वाहायची क्षमता घटते, ओठ-नखं निळसर पडतात. लिडोकेनचं जेल गिळलं गेलं तर झटके येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन्हींबद्दल इशारे दिले आहेत. तसंही लाळेने जेल काही मिनिटांत धुऊन जातं, म्हणून पालक पुन्हा पुन्हा लावतात आणि मात्रा वाढत जाते. मध 1 वर्षाच्या आत अजिबात नाही.

चावायला खारीक द्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. खारीक चघळून मऊ झाली की तिचा तुकडा तुटतो आणि तो श्वासनलिकेत अडकायला नेमका पुरेसा असतो. गाजर, काकडी यांचंही तेच. गळ्यात दात सोपे यावेत म्हणून माळ किंवा दोरा बांधला असेल तर तो काढा, झोपेत तो आवळला जाऊ शकतो.

आणि जुलाब. ‘दात येताना जुलाब होतातच’ ही समजूत तापाच्या समजुतीहून घातक आहे, कारण तिच्यापायी क्षारसंजीवनी द्यायची राहते. शी थोडी मऊ होणं वेगळं. दिवसात तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखी शी झाली की तो अतिसार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं 1 लिटरचं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात मिसळा. अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात, असा अंदाज करू नका. 2 वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, चमच्याचमच्याने. सोबत डॉक्टर किंवा आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या, रोज 20 मिलिग्रॅम, 14 दिवस. जुलाब दुसऱ्या दिवशी थांबले तरी 14 दिवस पुरे करायचे.

फोन कधी, रुग्णालय कधी

त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायची किंवा दाखवायची वेळ अशी: 2 वर्षांखाली ताप 24 तासांहून जास्त टिकला, काखेत 104 ला पोचला, ताप एक दिवस जाऊन पुन्हा आला, कान दुखतोय असं वाटतं, शूला घाण वास येतो किंवा शू करताना रडतं, अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आहेत आणि पिणं निम्म्यावर आलं. ताप 5 दिवस टिकला असेल आणि डोळे, ओठ, जीभ लाल दिसत असतील तर तेही मुद्दाम सांगा. तो कावासाकी आजार असू शकतो आणि त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्या वाचवण्यासाठी वेळेत उपचार लागतात.

पुढच्या गोष्टींत फोनवर वेळ घालवायचा नाही, थेट निघायचं. मूल काहीच पीत नाही किंवा पोटात गेलेलं सगळं उलटून टाकतं. हलवून उठवलं तरी नीट जागं होत नाही, नजर देत नाही. 8 तासांत शू नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही. मान ताठ झाली आहे किंवा टाळू फुगली आहे. पुरळावर काचेचा पेला दाबला तरी लाल-जांभळे ठिपके फिके पडत नाहीत. ओठ निळसर दिसतात. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो. श्वास मोजायचा तर मूल शांत किंवा झोपलेलं असताना पोटाकडे बघत पूर्ण 1 मिनिट मोजा. वर्षाच्या पुढे 40 किंवा त्याहून जास्त, वर्षाच्या आत 50 किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास जलद आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी 108.

तापात झटका आला तर मुलाला जमिनीवर किंवा गादीवर कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचं सैल करा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध, काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून काही होत नाही, नुसता वेळ जातो. तापातले बहुतेक झटके काही मिनिटांत आपोआप थांबतात. 5 मिनिटांत थांबला नाही तर 108. थांबला तरी पहिलाच झटका असेल तर त्याच वेळी डॉक्टरांकडे न्या.

फोन लावताना समोर चिठ्ठी ठेवा: वय, वजन, ताप कधीपासून, सगळ्यात जास्त आकडा किती आणि कुठे मोजला, शेवटचं औषध कोणतं, बाटलीवरची ताकद काय, किती मिलिलिटर आणि किती वाजता, शेवटची शू कधी, गेल्या 6 तासांत किती प्यायलं, शेवटची लस कधी. दात येतायत हेही सांगा, पण सगळ्यात शेवटी. ते आधी सांगितलं की ऐकणाऱ्याचंही लक्ष तिकडेच जातं.